वर्षभराच्या आवाजाला जागा किती?

दारव्हा परिसरात ऐकून साठवावं असं पुष्कळ आहे. जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आज्या वऱ्हाडी घरांमध्ये अजून आहेत. दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांवर गोरमाटी गाणी म्हटली जातात. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला दारव्हा-मोतीबागेला थांबायची, त्या दिवसांच्या आठवणी सांगणारी माणसंही भेटतात. यातलं काही रोज थोडं थोडं ध्वनिमुद्रित करायचं आणि वर्षभर ते सोडायचं नाही, असं कोणी ठरवतं तेव्हा मोबाइल कोणता आणि माइक कोणता याची चौकशी आधी होते. जागेचा विचार पडद्यावर ‘स्टोरेज फुल’ दिसल्यावरच होतो. तेव्हा माणूस घाईघाईने जुन्या फाइली पुसतो किंवा दर्जा कमी करून पुढचं मुद्रण करतो. दोन्ही नुकसानच. हिशेब पहिल्या दिवसाआधी करता येतो आणि त्यासाठी चौथीतला गुणाकार पुरतो.

कामाचा आवाका आधी डोळ्यांपुढे आणू. हेमा राइरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काहींचं सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. तुम्ही रोज एक तास मुद्रण केलंत तर वर्षात ३६५ तास होतील, म्हणजे त्या प्रकल्पातल्या ध्वनीच्या तिप्पट. आता दुसरी बाजू बघा. एका ओवीला शंभर अक्षरचिन्हं धरली आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट दिले, तर एक लाख दहा हजार ओव्यांचा सगळा मजकूर ३३ एमबीत मावतो. तेवढ्याच जागेत चांगल्या दर्जाचा आवाज दोन मिनिटंही राहत नाही. म्हणून लिहिलेल्या मजकुराच्या जागेची काळजीच करू नका. सगळा हिशेब आवाजाचा आहे.

आवाजाची फाइल किती मोठी होईल हे दोनच गोष्टींवर ठरतं: मुद्रण किती सेकंद चाललं आणि प्रत्येक सेकंदाला किती बिट लिहिले गेले. या दुसऱ्या आकड्याला बिटरेट म्हणतात. तो किलोबिटमध्ये माहीत असेल तर त्याला ०.४५ ने गुणा, एका तासाला किती एमबी लागतील ते मिळेल. सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी३ फाइल तासाला ५७.६ एमबी घेते. एवढं एक गणित लक्षात ठेवलं की आवाज असो वा व्हिडिओ, कोणत्याही स्वरूपाचा अंदाज कागदाच्या कोपऱ्यावर काढता येतो.

वेव्ह फाइलचा बिटरेट तुम्हालाच काढावा लागतो, पण तोही सोपा आहे. रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ अशी निवड असेल तर सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, आणि असे दोन चॅनल. गुणाकार २,३०४ किलोबिट येतो. त्याला ०.४५ ने गुणलं की तासाला १,०३७ एमबी, म्हणजे एक जीबीपेक्षा किंचित जास्त. रोज एक तास, ३६५ दिवस: ३७८ जीबी. वेव्हमध्ये कोण गातंय, गातंय की गप्प बसलंय, याने काही फरक पडत नाही. आजी ओवी आठवत पाच मिनिटं थांबली तरी त्या शांततेला तेवढीच जागा लागते. त्यामुळे वेव्हचा अंदाज चुकत नाही. चुकतात ते तास, आणि त्यांच्याकडे आपण पुढे येऊच.

सांगणारी व्यक्ती एकटी असेल आणि माइक एकच असेल तर मोनो निवडा. जागा निम्मी, १८९ जीबी, आणि गमावलं काहीच नाही. चार बायका फेर धरून म्हणत असतील तर मात्र स्टीरिओच हवा, कोण कुठून उचलतंय ते त्याशिवाय कळत नाही. हल्ली काही रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटमध्ये मुद्रण करतात. आवाज अचानक चढला तरी तो फाटत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण स्टीरिओत वर्षाचे ५०५ जीबी मोजावे लागतात. वीस मिनिटं कुजबुजत बोलून मग एकदम खड्या आवाजात लावणी सुरू करणारा कलाकार समोर असेल, तर एवढा खर्च रास्त आहे. ओसरीवर बसून ओव्या सांगणाऱ्या आजीसाठी त्याची गरज नाही.

आता बारीक स्वरूपं. मोबाइलमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर बहुधा एम४ए फाइल करतो. तिचा बिटरेट १२८ किलोबिट असला तर वर्षाला २१ जीबी. ओपस स्वरूपात बोलणं ३२ किलोबिटमध्येही स्वच्छ ऐकू येतं आणि वर्ष सव्वापाच जीबीत आटोपतं. हे आकडे मोहात पाडतात. पण अशी दाबलेली फाइल कानाला जे ऐकू येणार नाही असं वाटतं ते कायमचं फेकून देते. पुढे गोरमाटीतला एखादा उच्चार तपासायचा असेल किंवा मागचा पंख्याचा आवाज काढून टाकायचा असेल, तर नेमकं तेच हवं असतं. त्या १२८ किलोबिटच्या फाइलची पुन्हा वेव्ह केली तर फाइल अठरापट मोठी होते, गेलेलं काही परत येत नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, ‘आयासा’ची, मार्गदर्शिका जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते. माझंही मत तेच आहे. मूळ प्रत त्या दर्जाची ठेवा आणि ऐकायला, नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून एमपी३ करा. वर्षभराच्या एमपी३ प्रतींना वीसेक जीबी लागतात, मूळ प्रतींपुढे ते काहीच नाहीत.

मधला मार्ग फ्लॅक. ही फाइल दाबलेली असते पण उलगडली की मूळ वेव्ह जशीच्या तशी मिळते, एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. साधारणपणे ती वेव्हच्या निम्मी ते दोन तृतीयांश होते. मी हिशेबाला ६० टक्के धरतो. मात्र वेव्हसारखा इथला आकडा ठाम नसतो. आवाज जितका शांत आणि नियमित तितकी फ्लॅक फाइल लहान. जितकी खरखर तितकी मोठी. जात्याची घरघर, टिनावरचा पाऊस आणि उन्हाळ्यातला कूलर हे तिन्ही आवाज खरखरीचे असल्यामुळे ते फ्लॅकला फारसे दाबता येत नाहीत.

कूलरचं उदाहरण नीट मांडतो, कारण विदर्भात त्याला वळसा घालता येत नाही. खोलीतला गोंगाट ६ डेसिबलने वाढला की फ्लॅकला प्रत्येक नमुन्यामागे साधारण एक बिट जास्त लिहावा लागतो. कूलरमुळे गोंगाट २४ डेसिबलने चढला असं समजू, म्हणजे चार बिट. ४८,००० नमुने गुणिले ४, म्हणजे एका चॅनलला सेकंदाला १९२ किलोबिट जास्त. ०.४५ ने गुणलं की तासाला ८६ एमबी, आणि स्टीरिओत १७३ एमबी. हिवाळ्यात जी स्टीरिओ फ्लॅक फाइल तासाला ६२० एमबीची होती ती एप्रिलमध्ये ८०० च्या जवळ जाते. म्हणून जानेवारीतल्या आठवड्यावरून फ्लॅकचा वर्षाचा अंदाज बांधू नका. अर्थात सर्वांत चांगला उपाय म्हणजे सकाळी सहाला, ऊन चढण्याआधी बसायचं आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवायचा. फाइलही लहान होते आणि आजीचा आवाजही मोकळा ऐकू येतो.

आता तासांकडे येऊ. ‘रोज एक तास’ हा संकल्प असतो, वर्ष तसं जात नाही. समजा दारव्ह्यातल्या एक निवृत्त शिक्षिका जवळच्या गावातल्या बायकांची गाणी मुद्रित करणार आहेत. जून ते सप्टेंबर पेरणी, निंदण आणि सणवार, तरी महिन्यात वीस दिवस तासभर बसता येईल. ऑक्टोबर ते जानेवारी सोयाबीन आणि कापसाची वेचणी, बायका उजाडताच शेतात. महिन्यात बारा दिवस मिळाले आणि तेही पाऊण तासाचे, तर खूप झालं. फेब्रुवारी ते मे हात रिकामे, पाहुणे आलेले, लग्नसराईत गाणी आपोआप आठवतात. तेव्हा महिन्यात सव्वीस दिवस आणि दीड तासाची बैठक सहज होते. बेरीज करा: ८० तास, ३६ तास आणि १५६ तास. एकूण २७२. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ वेव्हने त्याचे २८२ जीबी झाले.

कागदावरच्या ३७८ पेक्षा हा आकडा कमी आहे म्हणून खूश होण्याआधी वाटणी बघा. निम्म्याहून जास्त भार शेवटच्या चार महिन्यांवर पडला आहे. उन्हाळ्यातल्या एका महिन्यात ३९ तास, म्हणजे ४० जीबी. रेकॉर्डरमधल्या ३२ जीबीच्या कार्डात या दर्जाचे सुमारे ३० तास मावतात. पावसाळ्यात तेच कार्ड महिनाभर पुरून उरलं होतं, एप्रिलमध्ये ते विसाव्या बैठकीलाच भरेल, आणि भरेल ते नेमकं कोणी तरी जुनं गाणं म्हणत असताना. कार्ड किती मोठं हवं हे सर्वांत गजबजलेला महिना ठरवतो. डिस्क किती मोठी हवी हे वर्षाची बेरीज ठरवते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकाच आकड्यातून काढू नयेत. रेकॉर्डरला ६४ जीबीचं कार्ड चालतं का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा, नसेल चालत तर ३२ ची दोन घ्या. आणि कार्ड दर रविवारी रिकामं करायचं असं ठरवलं, तरी त्यातल्या फाइली दोन वेगळ्या ठिकाणी उतरल्याशिवाय पुसायच्या नाहीत.

लांबलेल्या बैठकीत आणखी एक गोष्ट घडते. बरेच रेकॉर्डर एक फाइल २ जीबीची झाली की दुसरी सुरू करतात, काही ४ जीबीला करतात. वर सांगितलेल्या दर्जात २ जीबी दोन तास चार मिनिटांत भरतात. रात्रभर चालणाऱ्या जागराच्या तीन-चार फाइली निघाल्या तर काही बिघडलेलं नाही. फक्त सगळ्या उतरवून घ्या आणि नावात क्रम टाका, `2026-04-12_01.wav`, `2026-04-12_02.wav` असा. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिली की फाइली आपोआप ओळीत लागतात आणि एखादा दिवस राहून गेला तर तो लगेच दिसतो.

मुद्रणाप्रमाणेच काम करायलाही जागा लागते, आणि अंदाजपत्रकात ती बहुतेक जण विसरतात. ऑडेसिटीसारख्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली की ती आतमध्ये ३२ बिट फ्लोटमध्ये बदलली जाते. एक तासाची स्टीरिओ फाइल तिथे १.३८ जीबी होते. मग सबंध फाइलवर गोंगाट कमी करण्याचा परिणाम दिला, आवाज सारखा केला, की प्रत्येक पायरीमागे तेवढीच नवी जागा जाते, कारण ‘अनडू’साठी आधीची स्थितीही ठेवावी लागते. एका बैठकीवर काम करताना पाच-सहा जीबी सहज जातात. लॅपटॉपवर ५० जीबी नेहमी मोकळे असावेत. काम झाल्यावर अंतिम फाइल बाहेर काढा आणि `.aup3` ही प्रकल्पफाइल खरंच लागणार असेल तरच ठेवा.

व्हिडिओची गोष्ट वेगळीच. मोबाइलवरचा साधा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला १७ मेगाबिट घेत असेल तर तो १७,००० गुणिले ०.४५, म्हणजे तासाला ७.६५ जीबी. रोज तासभर केला तर वर्षाला २.८ टीबी. फोरके सुमारे ४८ मेगाबिटने घेतला तर जवळपास ८ टीबी. एवढं सांभाळायला घरच्या माणसाला वेगळी व्यवस्थाच उभी करावी लागेल. पण जातं कसं ओढतात, फेरात पाय कसा पडतो, हे पाहण्यासाठी रोजचा तासभर व्हिडिओ लागत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं घेतलीत तर वर्षाचे १३ तास होतात आणि जागा १०० जीबी. मला हा सौदा पटतो.

आता डिस्क. शिक्षिकाबाईंच्या मूळ वेव्ह २८२ जीबी, ऐकायच्या एमपी३ १६ जीबी. म्हणजे वर्षाला ३०० जीबी. १ टीबीची डिस्क संगणकाला लावली की विंडोज ती ९३१ जीबीची दाखवते आणि लोक समजतात की दुकानदाराने फसवलं. तसं नाही. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने मोजते. आपले सगळे आकडे हजाराचे आहेत, त्यामुळे तुलना १,००० शी करा. तुमचे २८२ जीबीसुद्धा पडद्यावर २६३ च दिसतील. डिस्क काठोकाठ भरू नये, १५ टक्के मोकळी ठेवावी. म्हणजे ८५० जीबी वापरात येतात. त्यात अशी दोन वर्षं ऐसपैस बसतात, तिसरं बसत नाही. आठवड्याचा व्हिडिओही घेणार असाल तर दोन वर्षांचे ८०० जीबी होतात आणि डिस्क जवळपास भरते.

पण एक डिस्क म्हणजे एकच प्रत. जतन करणाऱ्यांमध्ये तीन प्रतींचा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. बाईंनी दोन सारख्या डिस्क घ्याव्यात. एक घरी, एक यवतमाळला भावाकडे किंवा लेकीकडे. दर दोन महिन्यांनी अदलाबदल करावी, म्हणजे बाहेरची प्रत फार शिळी होत नाही. तिसरी प्रत क्लाउडवर फ्लॅकच्या रूपात. फ्लॅक मूळाइतकीच खरी असल्याने ती पूर्ण प्रत धरायला हरकत नाही.

इथे गावातलं इंटरनेट आडवं येतं, म्हणून तेही मोजा. उन्हाळ्यातली दीड तासाची वेव्ह १.५६ जीबीची असते. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकमध्ये ती मावतच नाही. तीच फ्लॅक करून ०.९३ जीबी होते, पॅकमध्ये बसते आणि वर जाण्याचा वेग २ मेगाबिट असेल तर तासाभरात चढते. रोजची रोज चढवलीत तर जमतं, वर्षाअखेरीस एकदम चढवायचं म्हटलं तर त्या वेगाला आठवड्याहून जास्त वेळ अखंड लागेल. गुगलची मोफत १५ जीबी जागा चोवीस तासांच्या मुद्रणातच संपेल. २०० जीबीची विकतची जागा पुरेल का? २८२ चे ६० टक्के १६९ होतात, त्यामुळे पुरेल असं वाटतं. पण उन्हाळ्यातल्या १५६ तासांना कूलर चालू राहिला तर वरच्या हिशेबाने आणखी २७ जीबी चढतात आणि बेरीज १९६ वर जाते. ईमेल आणि फोटो त्याच खात्यात असतील तर जागा मे महिन्यातच संपेल. मुद्रणासाठी वेगळं खातं ठेवणं बरं.

एवढं ठरवून झाल्यावर पहिल्याच आठवड्यात अंदाज पडताळून बघा. कोणत्याही फाइलचा आकार तिच्या मिनिटांनी भागा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ वेव्हला मिनिटाला १७ एमबीच्या आसपास यायला हवेत, मोनोला साडेआठ. भागाकार एक एमबीच्या आसपास आला तर रेकॉर्डर वेव्हमध्ये नाही, एम४ए किंवा एमपी३त मुद्रण करतोय, मेनूवर ‘हाय क्वालिटी’ लिहिलेलं असलं तरीही. मिनिटाला पाव एमबीपेक्षा कमी आलं तर ती फाइल बहुतेक व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमधून आलेली आहे आणि मूळ पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये शोधावी लागेल. व्हॉट्सॲपवरून फाइल मागवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तशी ती न दाबता येते.

फ्लॅक करायला आणि पुढे तपासायला दोन ओळी पुरतात:

```
flac --best --verify *.wav
flac -t *.flac
```

पहिली ओळ फोल्डरमधल्या सगळ्या वेव्हच्या फ्लॅक करते आणि करतानाच उलगडून मूळाशी ताडून बघते. वेव्ह फाइली ती पुसत नाही, त्यामुळे काही काळ वेव्ह आणि फ्लॅक दोन्हींची जागा लागते, हे धरून चाला. दुसरी ओळ साठवलेल्या फ्लॅक तपासते. प्रत्येक फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाचा एक तपासणी-आकडा लिहिलेला असतो आणि ही आज्ञा पुन्हा हिशेब करून तो जुळतो का ते पाहते. म्हणून घरच्या डिस्कवरही फ्लॅकची एक प्रत असू द्या, फक्त तिची जागा डिस्कच्या वरच्या हिशेबात वेगळी धरा. सहा महिन्यांनी डिस्क लावा आणि ती ओळ चालवा. एखाद्या फाइलपुढे `ERROR` आलं तर यवतमाळच्या डिस्कवरून तीच फाइल आणून बदला. एकापेक्षा जास्त फाइलींना आलं किंवा डिस्क वाचताना अडकत, टकटक करत असेल, तर त्या डिस्कवर आणखी काही लिहू नका. नवी डिस्क घ्या आणि चांगल्या प्रतीवरून ती भरून घ्या. आणि काही बिघाड दिसला नाही तरी पाच वर्षं झालेली डिस्क बदलायचीच, असं धरून चालावं.